रशियन विशेषणांची दोन रूपं: भाषांतरात 'म्हातारी वाईट होती' असं का होतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

रशियनमधून मराठीत आणलेल्या वर्णनात अधूनमधून एखादं वाक्य असं येतं की व्याकरण बरोबर, शब्दकोशातला अर्थही बरोबर, पण माणूस भलताच उभा राहतो. अत्यवस्थ आजी 'वाईट' होते. एका संध्याकाळपुरता चिडलेला बाप 'दुष्ट' होतो. टोकाला जाऊ शकणारा गुन्हेगार 'हुशार' ठरतो. कपड्यांच्या वर्णनात तर कोट चक्क 'महान' झालेला सापडतो. संपादक अशा ठिकाणी मराठी शब्द बदलून पाहतात, 'वाईट'च्या जागी 'खराब' करतात, आणि वाक्य होतं तिथंच राहतं. बिघाड मराठी शब्दाच्या निवडीत नसतो. रशियन विशेषण कोणत्या रूपात आलंय हे वाचताना निसटलेलं असतं.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण मराठीत असा फरक दाखवणारं रूपच नाही. 'चांगला माणूस' आणि 'माणूस चांगला आहे' यांत विशेषण तेच राहतं. शाळेत आपण पहिल्याला अधिविशेषण आणि दुसऱ्याला विधिविशेषण म्हणायला शिकतो, पण शब्द बदलत नाही. इंग्रजीतही बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या मजकुरात हा फरक पहिल्याच टप्प्यावर गळून पडलेला असतो. तिथं मूळ रशियन समोर ठेवल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

(खाली रशियन शब्द देवनागरीत दिलेत ते अक्षरांप्रमाणे, उच्चाराप्रमाणे नाहीत. आघात नसलेला 'ओ' बोलताना 'अ'कडे झुकतो, पण शेवट ओळखायला स्पेलिंगच कामाचं.)

नेमकं काय वेगळं असतं

रशियन गुणवाचक विशेषणाला पूर्णरूप असतं आणि लघुरूप असतं. पूर्णरूप लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे चालतं: 'नोविय' (पुल्लिंग), 'नोवाया' (स्त्रीलिंग), 'नोवोये' (नपुंसक), 'नोविये' (अनेकवचन). लघुरूपाला विभक्ती नाही, फक्त लिंग आणि वचन: 'नोव', 'नोवा', 'नोवो', 'नोवि'. आजच्या भाषेत लघुरूप फक्त विधेयात येतं, म्हणजे ते विधिविशेषणच असू शकतं. पूर्णरूप मात्र दोन्ही जागी चालतं. सगळी गोची या 'दोन्ही'मध्ये आहे. नामाच्या आधी आलेल्या पूर्णरूपाबद्दल निवडीचा प्रश्नच नसतो. विधेयात आलं, तर लेखकापुढे लघुरूपाचा पर्याय होता आणि त्याने तो घेतला किंवा टाळला, आणि त्या निवडीला बहुतेक वेळा अर्थ असतो.

सगळ्या विशेषणांना लघुरूप नसतं. 'लाकडी', 'रशियन', 'मॉस्कोचा' अशा संबंधवाचक विशेषणांना ते होत नाही. उलट 'राद' (आनंद झालेला) हा शब्द फक्त लघुरूपातच आहे. अशा ठिकाणी निवड नाही, म्हणून अर्थछटाही शोधायची नाही.

पाठ्यपुस्तकं एका ओळीत सांगतात की लघुरूप म्हणजे तात्पुरती अवस्था आणि पूर्णरूप म्हणजे कायमचा गुण. हा नियम सुरुवातीला उपयोगी पडतो आणि पुढे तोच चुका करवतो. 'चेलोवेक स्मेर्तेन', म्हणजे माणूस मर्त्य आहे, यात तात्पुरतं काहीच नाही, तरी लघुरूप आहे. भूमितीत दोन रेषा समांतर आहेत हे लघुरूपातच सांगतात, आणि त्या रेषा उद्या एकमेकींना छेदणार नसतात. दुसऱ्या बाजूने, बोलताना एखादी बाई 'या गोलोद्नाया' म्हणते तेव्हा तिला आत्ता भूक लागलेली असते, आणि ते पूर्णरूप आहे. म्हणून तात्पुरतं की कायमचं हा प्रश्न पहिला विचारू नये. खालच्या क्रमाने गेलं तर बहुतेक वाक्यं त्याआधीच सुटतात.

पहिली तपासणी: लघुरूप आणि पूर्णरूप हे खरोखर एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

काही जोड्या आता इतक्या दूर गेल्या आहेत की त्यांना दोन वेगळे शब्दच धरावं. शब्दकोशात मथळा पूर्णरूपाचा असतो आणि पहिला अर्थही त्याचाच. लघुरूपाचा अर्थ नोंदीत खाली कुठेतरी असतो. पहिला अर्थ उचलला की चूक झालीच.

'स्पोसोब्निय' म्हणजे हुशार, अंगात गुण असलेला. विद्यार्थ्याबद्दल हे कौतुक आहे. 'ओन स्पोसोबेन ना व्स्यो' म्हणजे तो कोणत्याही थराला जाऊ शकतो, आणि यात कौतुकाचा लवलेश नाही. 'पोल्निय' माणसाबद्दल वापरलं तर तो अंगाने भरलेला, जाडसर. 'ओना पोल्ना सील' म्हणजे तिच्यात दम आहे, ताकद ओसंडतेय, आणि ती शिडशिडीतही असू शकते. 'विद्निय' म्हणजे नामवंत, किंवा पुरुषाबद्दल असेल तर रुबाबदार, पण 'दोम विदेन' म्हणजे घर दिसतंय, एवढंच. 'प्रावी' म्हणजे उजवा, तर 'ओन प्राव' म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर आहे. 'झिवोय' मुलाबद्दल आलं की बहुधा चुळबुळ्या, चपळ. 'झिव' म्हणजे जिवंत आहे, वाचला. 'सोग्लास्निय' हा आज व्याकरणात व्यंजनासाठी वापरतात, आणि 'ओना सोग्लास्ना' म्हणजे ती कबूल आहे, तिची हरकत नाही.

वर्णनात सगळ्यात जास्त घोळ घालणारी जोडी 'खोरोशी' आणि 'खोरोश' यांची. 'ओना खोरोशाया' म्हणजे ती स्वभावाने चांगली आहे. 'ओना खोरोशा' म्हणजे ती देखणी आहे. पुढे 'सोबोय' हा शब्द आला तर शंकाच नको. मराठीत दोन्हीकडे 'ती चांगली होती' लिहिलं की रूप दिसेनासं होतं आणि स्वभावाचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. पुल्लिंगी 'खोरोश' संवादात उपरोधानेही येतं, आपल्या 'तूही भारीच आहेस हं' सारखं. याच्या विरुद्ध बाजूला 'प्लोखोय' (वाईट, निकृष्ट) आणि 'प्लोख'. आजारी माणसाबद्दल 'ओन प्लोख' म्हटलं की त्याची अवस्था बिकट आहे, तो हाती लागेल असं दिसत नाही.

आजारपणाची जोडी वेगळी पाहायला हवी. 'ओन बोलेन' म्हणजे तो आजारी आहे. कशाने ते तृतीयेत सांगता येतं: फ्लूने, न्यूमोनियाने. 'ओन बोल्नोय' म्हणजे तो आजारी माणूस आहे, प्रकृतीनेच अशक्त आहे किंवा जुनं दुखणं घेऊन जगतोय. याशिवाय 'बोल्नोय' हे नाम म्हणूनही चालतं आणि तेव्हा अर्थ सरळ 'रुग्ण'. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात असलेल्या मराठी विद्यार्थ्यांना केसपेपरमध्ये हे रोज भेटतं. 'बोल्नोय त्याझोलिय' याचा 'जड आजारी' असा अर्थ लावत बसू नये. 'रुग्णाची प्रकृती गंभीर' एवढंच ते आहे. पोट तपासल्यावरची नोंदही अशीच पूर्णरूपात असते, 'झिवोत म्याग्की, बेझबोलेझ्नेन्निय'. ते 'पोट मऊ, दाबल्यावर दुखत नाही' असं लिहावं. तिथलं पूर्णरूप ही नोंदीची शैली आहे, त्यात कायमचा गुण वाचू नये.

शब्दकोशात लघुरूप शोधतानाही अडायला होतं, कारण पुल्लिंगी लघुरूपात कधी मध्येच एक स्वर घुसतो आणि इतर रूपांत तो नसतो. 'बोलेन' हे 'बोल्नोय'चं, 'उम्योन' हे 'उम्निय'चं, 'पोलोन' हे 'पोल्निय'चं, 'झोल' हे 'झ्लोय'चं. कोशात नोंद सापडत नसेल तर तो स्वर काढून 'इय' किंवा 'ओय' लावून पाहा. 'वेलिक' आणि 'माल' यांचं प्रकरण आणखी निराळं. ती 'बोल्शोय' (मोठा) आणि 'मालेन्की' (लहान) यांची लघुरूपं म्हणून काम करतात, पण 'वेलिक' शोधलं की कोश 'वेलिकी'वर नेतो आणि तिथं पहिला अर्थ 'महान'. कोट महान होतो तो या वाटेने.

दुसरी तपासणी: विशेषणाला कशाची तरी जोड आहे का?

पहिल्या तपासणीत अडलं नाही, तर विशेषणाच्या आसपास पाहा. 'कशाने', 'कशाकडे', 'कुणाला', 'कशासाठी' याचं उत्तर देणारा शब्द दिसतोय? विधेयात अशी जोड आली की प्रमाण रशियन लघुरूपच घेते. 'स्त्राना बोगाता नेफ्त्यू' म्हणजे देश तेलाने समृद्ध आहे. 'ओन ग्लुख क प्रोस्बाम' म्हणजे विनवण्या त्याच्या कानावरून जातात. 'ग्लुखोय' मात्र कानाने बहिरा. 'झोल ना मेन्या' म्हणजे माझ्यावर चिडलाय, आणि 'झ्लोय' म्हणजे दुष्ट, कुत्र्याबद्दल असेल तर चावरा.

अशा जागी मराठीत विशेषणाला विशेषणच शोधण्याचा हट्ट सोडावा. आपल्याकडे हे काम क्रियापद आणि चतुर्थी फार छान करतात. तो भुकेला आहे यापेक्षा त्याला भूक लागलीये. ती समाधानी आहे यापेक्षा तिला काम पसंत पडलंय. तो रागीट आहे हा स्वभाव झाला, तो चिडलाय ही घटना झाली. रशियन जो फरक विशेषणाच्या शेपटीत ठेवते, तो मराठी क्रियापदात ठेवते, आणि वाचकाला तो तिथंच सापडतो.

इथं एक फसवी जागा आहे. हीच जोड नामाला चिकटून, स्वल्पविरामानंतर आली तर रूप पूर्ण असतं, कारण तिथं लघुरूप चालतच नाही: 'चेलोवेक, स्पोसोब्निय ना व्स्यो'. रूप पूर्ण असलं तरी अर्थ 'कोणत्याही थराला जाणारा माणूस' हाच. म्हणजे अर्थ ठरवते ती जोड. नुसती शेपटी पाहून 'हुशार माणूस' लिहिणाऱ्याची इथं हमखास विकेट पडते.

जोडीचाच एक प्रकार म्हणजे माप. कपडे, बूट, फर्निचर यांच्या वर्णनात आणि ग्राहकांच्या अभिप्रायात लघुरूप 'गरजेपेक्षा जास्त' किंवा 'गरजेपेक्षा कमी' असं सांगतं. 'तुफ्ली मालेन्किये' म्हणजे बूट छोटे आहेत, बाळाचे असतील. 'तुफ्ली माली' म्हणजे पायात बसत नाहीत, लहान होतात. 'रुकावा कोरोत्की' म्हणजे बाह्या तोकड्या पडतात. 'प्लात्ये म्ने वेलिको' म्हणजे हा ड्रेस मला मोठा होतो. 'सापोगी उझ्कि' म्हणजे बूट आवळतात. रशियनमध्ये 'फार' किंवा 'जास्त' असा शब्द असायची गरज नाही, ते रूपातच आहे. मराठीत 'होणं' आणि 'पडणं' ही क्रियापदं हेच सांगतात, आणि दुकानात उभा राहून कुणीही हेच बोलतो. 'बूट लहान आहेत' लिहिलं तर ती मापाची माहिती होते आणि तक्रार नाहीशी होते. खरेदीच्या मजकुरात ही चूक महागात पडते, कारण वाचक त्याच वाक्यावरून माप ठरवणार असतो.

या नियमालाही हद्द आहे. भाववाचक नामाबरोबर 'जास्त' हा अर्थ येत नाही. 'राझ्नित्सा वेलिका' म्हणजे फरक मोठा आहे, गरजेपेक्षा मोठा नाही. समोर वस्तू असेल आणि ती कुणाच्या तरी अंगाला, पायाला किंवा जागेला लावून पाहिली जात असेल, तरच 'होतो' किंवा 'पडतो' लिहा.

तिसरी तपासणी: मागे नाम दडलंय का?

आता उरतात ती वाक्यं जिथं शब्द एकच, जोड काही नाही, आणि तरी दोन्ही रूपं शक्य आहेत. इथं एक कसोटी फार उपयोगी पडते. विधेयातलं पूर्णरूप असं वाचावं की त्याच्यामागे एक नाम गाळलेलं आहे. 'नोच बिला तिखाया' म्हणजे रात्र होती ती शांत रात्रींपैकी. मराठीत ते नाम जागेवर आणा: 'शांत रात्र होती ती.' लघुरूप मात्र कोणत्याही गटात टाकत नाही, समोरच्या वस्तूबद्दल थेट विधान करतं. 'नोच बिला तिखा': 'रात्र शांत होती.' दोन्ही मराठी वाक्यं सहज आहेत आणि त्यांच्यातला फरक कानाला कळतो. एकात प्रकार सांगितलाय, दुसऱ्यात स्थिती.

विज्ञानातली आणि सुभाषितातली लघुरूपंही याच कसोटीने उलगडतात. 'प्रोस्त्रान्स्त्वो बेस्कोनेच्नो', म्हणजे अवकाश अनंत आहे. इथं पूर्णरूप घातलं तर असं वाटेल की अवकाशांचे अनेक प्रकार आहेत आणि हे त्यातलं अनंत जातीचं. अवकाश एकच असल्याने लघुरूप आलं. काळाशी त्याचा संबंध नाही. माणसांबद्दल मात्र गट करता येतात, म्हणून 'ओन बोल्नोय'मध्ये 'आजारी माणूस' असा गट दिसतो आणि तिथं तो कायमपणाचा भास होतो. पाठ्यपुस्तकातला नियम या भासावर उभा आहे.

सूर कुणाचा आहे ते पाहा

अर्थ जुळला तरी सूर चुकू शकतो. विधेयातलं लघुरूप बऱ्याच विशेषणांच्या बाबतीत लिखित, थोडं गंभीर वाटतं, आणि तोंडावर म्हटलं तर ठाम, कधी कडक. 'ति ग्लुप' म्हणजे सरळ 'मूर्ख आहेस तू'. 'ति ग्लुपाया' असं प्रेमातल्या माणसाने म्हटलं तर ते 'वेडी आहेस झालं' इतकं मऊ असू शकतं. संवादात लघुरूप दिसलं तर बोलणाऱ्याचं वय, शिक्षण आणि प्रसंग पाहून मराठी वाक्य जरा ताठ ठेवावं. एखादं पात्र रोजच्या बोलण्यात सगळीकडे पूर्णरूप वापरत असेल तर तिथं 'कायमचा गुण' शोधणं व्यर्थ आहे. ती बोलीची सवय आहे, आणि 'आज', 'आत्ता', 'पुन्हा' असे शब्द जवळपास असले तर खात्रीच धरा.

काही ठिकाणी रूप वाक्यरचनाच ठरवते. 'काक' (किती) आणि 'ताक' (इतकं) यांच्यामागे लघुरूप, 'काकोय' (कसला) आणि 'ताकोय' (असा) यांच्यामागे पूर्णरूप. 'काक ओना क्रासिवा' आणि 'काकाया ओना क्रासिवाया' दोन्ही 'किती सुंदर आहे ती!' असंच लिहायचं. 'होणं', 'वाटणं', 'निघणं' अशा अर्थाच्या क्रियापदांनंतर पूर्णरूप बहुधा तृतीयेत येतं, तेही रचनेमुळे. अशा जागी फरक दाखवण्याची धडपड केली तर मूळात नसलेला अर्थ घुसतो, आणि ही चूक शिकाऊपेक्षा सरावलेला भाषांतरकार जास्त करतो.

आदरार्थी 'वि' (तुम्ही) हा एक वेगळाच सापळा. एका व्यक्तीशी आदराने बोलतानाही लघुरूप अनेकवचनी असतं: 'वि दोब्रि', 'वि गोतोवि'. समोर एकच बाई असू शकते. पूर्णरूप मात्र व्यक्तीच्या लिंगवचनाने जातं, 'वि ताकाया दोब्राया'. उलट 'वि दोब्रिये' असं अनेकवचनी पूर्णरूप आलं तर ऐकणारे खरोखर अनेक आहेत. लघुरूपातून पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत 'मोकळे' की 'मोकळ्या' हे लिहावंच लागतं, म्हणून आधीच्या पानांवर जाऊन पाहा, किंवा 'तयार', 'दयाळू' असं अविकारी विशेषण घेऊन प्रश्न टाळा. 'वि स्वोबोद्नि' हे वाक्य तर बहुतेकदा स्वातंत्र्याबद्दल नसतंच. अधिकारी, शिक्षक, डॉक्टर ते म्हणतात तेव्हा अर्थ असतो 'तुम्ही जाऊ शकता'.

लांब मजकुरात ही ठिकाणं कशी शोधायची

दोनशे पानांत नजरेने लघुरूपं वेचणं अवघड आहे. `pymorphy3` ही पायथॉन लायब्ररी विशेषणाच्या लघुरूपाला `ADJS` आणि पूर्णरूपाला `ADJF` अशी खूण देते. मूळ मजकूर साध्या फाइलीत ठेवून पुढचा तुकडा चालवला तर ओळीचा क्रमांक आणि शब्द मिळतो:

```python
import re, pymorphy3
m = pymorphy3.MorphAnalyzer()
text = open("source.txt", encoding="utf-8").read()
for n, line in enumerate(text.splitlines(), 1):
    for w in re.findall(r"[а-яё]+", line.lower()):
        if any("ADJS" in p.tag for p in m.parse(w)):
            print(n, w)
```

यादीत बराच कचरा येईल. नपुंसकलिंगी लघुरूप आणि क्रियाविशेषण दिसायला एकच असतात, त्यामुळे 'चांगलं', 'स्पष्टपणे', 'अंधारात' अशा अर्थाचे शब्द सगळे उचलले जातात. 'झोल' हे 'दुष्टाई' या नामाचंही रूप आहे, तेही येईल. ही यादी गाळून न टाकता आपल्या मराठी मजकुराशेजारी ठेवा, आणि जिथं मराठीत 'विशेषण अधिक आहे किंवा होता' असा साचा आलाय तेवढ्याच ओळी तपासा. शंका उरली तर रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये (`ruscorpora.ru`) तोच शब्द शोधा. तिथं लघुरूपाची खूण `brev` आणि पूर्णरूपाची `plen`. दोन्ही लावून वीसेक वाक्यं वाचली की त्या शब्दाचं लघुरूप कुणाबद्दल आणि कोणत्या जोडीने येतं ते कळतं.

एक परिच्छेद सोडवून

ही पाच वाक्यं खेड्यातल्या घराचं वर्णन करतात:

'स्तारूखा बिला प्लोखा. सिन येयो, चेलोवेक खोरोशी, बिल व तोत वेचेर झोल. नेवेस्त्का बिला खोरोशा सोबोय, नो ग्लुखा क चुझोय बेदे. इझ्बा बिला मालेन्काया, द्ल्या सेमेरिख ओना बिला माला. "वि स्वोबोद्नि", स्काझाल फेल्दशेर सोसेद्के.'

शब्दाला शब्द ठेवून येतं ते असं: 'म्हातारी वाईट होती. तिचा मुलगा, चांगला माणूस, त्या संध्याकाळी दुष्ट होता. सून चांगली होती, पण परक्याच्या दुःखाला बहिरी होती. झोपडी लहान होती, सात जणांसाठी ती लहान होती. "तुम्ही स्वतंत्र आहात", फेल्दशेर शेजारणीला म्हणाला.'

आता क्रमाने. 'प्लोखा' लघुरूप, माणसाबद्दल, पहिल्या तपासणीतच सुटतं: तिची अवस्था बिकट. 'खोरोशी' पूर्णरूप आणि मागे 'माणूस' हे नाम उघडच आहे, म्हणजे स्वभाव. 'झोल' लघुरूप, शिवाय 'त्या संध्याकाळी'. तो चिडलेला होता, दुष्ट नव्हता, आणि आधीच त्याला भला म्हटल्याने 'दुष्ट' हा उघड विरोधाभास झाला असता. 'खोरोशा सोबोय' म्हणजे देखणी. 'ग्लुखा'ला जोड आहे, म्हणून कानाचा संबंध नाही. चौथ्या वाक्यात एकच शब्द दोन रूपांत मुद्दाम ठेवलाय: घर छोट्यांपैकी होतं, आणि सात माणसांना अपुरं पडत होतं. दोन्हीकडे 'लहान' लिहिलं की लेखक एकच गोष्ट दोनदा सांगतोय असं वाटतं. शेवटचं वाक्य निरोपाचं.

'म्हातारीचं काही खरं नव्हतं. मुलगा तसा भला माणूस, पण त्या संध्याकाळी त्याचं डोकं फिरलेलं होतं. सून दिसायला देखणी, मात्र दुसऱ्यावर काय गुदरतंय याचं तिला सोयरसुतक नव्हतं. छोटंसं लाकडी घर होतं ते, सात माणसांना पुरत नव्हतं. "तुम्ही निघालात तरी चालेल," फेल्दशेर शेजारणीला म्हणाला.'

मूळची आठही विधेयं आणि विशेषणं जागेवर तपासली तर मराठीत 'विशेषण अधिक होता' हा साचा जवळपास उरलेला नाही. 'फेल्दशेर' तसाच ठेवलाय, कारण तो डॉक्टर नाही आणि कंपाउंडरही नाही. पहिल्यांदा येतो तिथं 'गावचा आरोग्यसेवक' असं जोडता येईल.

या तपासण्यांत न बसणारी लघुरूपं

जुन्या रशियनमध्ये लघुरूप नामाच्या आधीही येई आणि विभक्तीही घेई. पूर्णरूप त्यालाच दर्शक सर्वनाम चिकटून तयार झालं. त्या काळाचे अवशेष वाक्प्रचारांत आणि लोककथांत टिकून आहेत, आणि `ADJS` ची यादी त्यांना नेहमी पकडतेच असं नाही. 'स्रेदि बेला द्न्या' म्हणजे भरदिवसा. यातला 'पांढरा' मराठीत आणू नये. 'ओत माला दो वेलिका' म्हणजे लहानथोर सगळे. 'माल माला मेन्शे' हे पोरांबद्दल म्हणतात: एकापाठोपाठ एक, सगळी लहान. 'तुफ्ली ना बोसू नोगू' याचं भाषांतर 'अनवाणी' असं झालेलं दिसतं, आणि ते चूक आहे. पायात बूट आहेत, फक्त मोजे नाहीत.